नव्वद रत्तलांचा गट

साताऱ्याला जायचं म्हणून लालासाहेब ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होता. पलटणीतून मिळालेली रजा संपत आली होती, पण जोतीचा साताऱ्यातला हुतूतूचा सामना पाहिल्याशिवाय परतायचं नाही, हे त्यानं येतानाच ठरवलं होतं. तेवढ्यात जोती शाळेतून आला. त्यानं ड्रिलमास्तरांची चिठ्ठी बापाच्या हातात ठेवली आणि गोठ्यात निघून गेला.

लालासाहेब शब्दांवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचू लागला. राहीबाई चुलीपासून उठून दारात आली.

"आपल्या चिरंजीवास लहान गटाच्या संघातून वगळावे लागले, याचे मला वाईट वाटते. या गटास वजनाची मर्यादा नव्वद रत्तल आहे. सामन्याच्या सकाळी पंच प्रत्येक गड्यास काट्यावर उभे करतात. एक जरी जड भरला तरी सारा संघ बाद होतो. श्रावणात जोतीराम शहाऐंशी भरला होता. काल आडतीच्या काट्यावर शहाण्णव भरला. मोठ्या गटात घ्यावे, तर तिथली मुले त्याच्याहून हातभर उंच. पकडीत हातपाय मोडून घेईल. काही ठिकाणी मुलांस उपाशी ठेवून वजन उतरवितात. वाढत्या वयात ते माझ्या बुद्धीस पटत नाही. त्याचा दम व चपळाई उत्तम आहे. उद्या सायंकाळी संघाच्या शेवटच्या सरावात तो समोरच्या बाजूने खेळेल. आपण अवश्य यावे."

लालासाहेबला आधी रागच आला. मग तो मोठ्यानं हसला. तो पलटणीत गेला तेव्हा या पोराच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"लय दूध पाजलंस की गं," तो म्हणाला. "पार संघातनं भाईर काढलंस त्याला."

"आवं, तुमीच लिवत हुता न्हवं दर पत्रात? पोराचं दूध कमी करू नगंस म्हून."

हे बोलताना तिचा चेहरा खुलला होता. पदर सारखा करायला तिनं हात वर केला, तशा बांगड्या मनगटावरून घसरत कोपरापर्यंत गेल्या. लालासाहेब त्या बांगड्यांकडे बघत राहिला. घरात म्हैस एकच होती आणि तीही आता आटत आली होती.

दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या मैदानावर गेला. जोती दम न सोडता संघाच्या अंगणात शिरला, दोघांना शिवला आणि पकडणाऱ्याच्या हातून निसटून रेषेवर येऊन पडला. ड्रिलमास्तरांनी कपाळाला हात लावला. लालासाहेबला वाटलं, साताऱ्याला जाऊन आपण याहून जास्त काय पाहणार होतो?

घरी आल्यावर राहीबाईनं नेहमीसारखा दुधाचा पेला जोतीपुढे ठेवला. लालासाहेबनं तो उचलून तिच्या हातात दिला. ती नको नको म्हणू लागली.

"पी गप," तो म्हणाला. "तुझ्या गटाला मर्यादा न्हाई."

जोतीनं आपली भाकरी तिच्याकडे सरकवली. राहीबाई खाली बसली आणि दोघांच्या देखत तिनं पेला तोंडाला लावला.