भेटीची किंमत एक

वृद्धाश्रमाच्या जाहिराती चालवण्याचं काम मी चार वर्षं करतेय आणि आता मला त्याची शिसारी आली आहे. वर तीन मजले म्हातारी माणसं, खाली माझं टेबल, आणि जिन्यावरून दिवसभर खाली येणारा फिनाइल आणि लघवीचा वास.

काम म्हटलं तर सरळ. ऑनलाइन जाहिरातीसाठी किती बोली लावायची हे यंत्र ठरवतं. कोण किती मोलाचं, ते आम्ही त्याला सांगायचं. आमच्याकडे वीस चौकशांमागे एक भरती होते, जागा बघायला ठरलेल्या पाच भेटींमागे एक. म्हणून मी भरतीला शंभर, भेटीला वीस, चौकशीला पाच असे आकडे दिले होते. ज्यांच्याकडून जास्त आकडा येईलसं वाटतं, त्यांच्यासाठी यंत्र चढी बोली लावतं, म्हणजे आमची जाहिरात त्यांनाच सारखी दिसते.

मॅनेजरचा मात्र भेटींवर डोळा होता.

"येतात, बाथरूम हुंगतात आणि नाक मुरडून जातात. भेटीला एक कर. न बघता सही करणारे हवेत आपल्याला."

"आईबापांना ठेवायचं तर जागा बघायला नको का, सर?"

"तू आकडे बघ. आईबाप मी बघतो."

मी मुकाट्याने वीसचा एक केला. नोकरी टिकवायची होती. आई गेल्यावर मला जिने वाढवलं ती मावशी मावसभावाकडे राहायची आणि तो तिला कंटाळला होता. पुढच्या महिन्यात मी मोठं घर घेऊन तिला आणणार होते. तोवर कळ काढतो, असं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं; मावशीला मात्र अजून काही सांगितलं नव्हतं.

दीड महिन्यात भेटी आटल्या, भरत्या वाढल्या. लोक काय शोधत आमच्यापर्यंत पोचतात, ते मला दिसायचं. 'आजच प्रवेश'. 'न भेटता प्रवेश'. 'घरून घेऊन जाणारा वृद्धाश्रम'. मॅनेजरने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं तेव्हा मी हसलेही, आणि त्या हसण्याची मला सगळ्यात जास्त किळस येते.

दर सोमवारी झालेल्या भरत्यांची यादी यंत्राला पाठवायची असते, म्हणजे ते तशीच माणसं आणखी शोधतं. या सोमवारी अकरा ओळी होत्या. सातव्या ओळीत मावसभावाचा फोन नंबर. चौकशी शुक्रवारी, सही शनिवारी. भेट नाही. किंमत शंभर.

मी धावत जिना चढले. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मावशी पलंगाच्या कडेला बसली होती. पिशवी अजून मांडीवरच होती.

"आलीस होय," ती म्हणाली. "तो सांगत होता, तुझ्याच ऑफिसची जाहिरात सारखी येते म्हणून. मला वाटलं, तूच पाठवत असशील. तोंडावर सांगायला जड जात असेल तुला. म्हणून मग मी काही हट्ट केला नाही गं. निमूट आले."