तांड्यावरची अडतीस सेकंद

"आधी पायी फिर, मंग पाखरू उडव. ज्याच्या छपरावरून जाशीन त्याच्या दारात आधी जाय. बायांले सांग, अमुक वाजता वर येणार हाय, न्हाणीत जाऊ नका, अंग झाकून बसा. परवानगी कागदावर भेटते बेटी, इजाजत दारात भेटते."

निजामुद्दीनचाचांचा हा आवाज निताच्या कानात अजून तसाच होता, पान खाल्ल्यासारखा जड आणि शेवटाला मऊ. चाचा जाऊन आठ महिने झाले होते. मंगरूळपीरला दर्ग्याच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ. निता तिथे अकरा वर्षांपूर्वी फोटो कापायला म्हणून लागली, आणि चाचांनी साठी उलटल्यावर ड्रोन आणला तेव्हा तो उडवायलाही त्यांनी तिलाच शिकवलं. अडीचशे ग्रॅमच्या आतला, तळहाताएवढा. सरकारी पोर्टलवर नोंदवून त्याचा नंबर घेतला, पोटाला चिकटवला. उडवण्याआधी दर वेळी नकाशा उघडायचा. हिरवा असेल तर चारशे फुटांपर्यंत जायचं, पिवळा असेल तर परवानगी काढायची, लाल असेल तर पेटी उघडायचीसुद्धा नाही. अकोल्याकडच्या विमानतळाजवळची एक मोठी सुपारी त्यांनी नकाशा पाहूनच परत केली होती. मोठ्या मेळ्याच्या वेळी आपल्याकडेही चार-चार दिवस नकाशा लाल होतो, म्हणून कालचा नकाशा आज चालत नाही, हेही त्यांनीच सांगितलेलं.

आणि बॅटरी. "तीस टक्के म्हंजे शून्य समजजो," ते म्हणायचे. "जातानी वाऱ्याच्या तोंडावर जाय, येतानी वारा तुले घरी आणून सोडीन. उलटं केलं तं फसशीन."

निताने वैशाखातल्या त्या लग्नात सगळंच उलटं केलं.

कामरगावच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून आत, साठेक घरांचा तांडा. नवऱ्या मुलीच्या बापाचं संमतिपत्र होतं, पोलीस ठाण्यात अर्ज दिलेला होता, नकाशा हिरवागार होता. कागदांवर बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त पायी फिरणं राहिलं. वरात दोन तास उशिरा आली, ऊन डोक्यावर, आणि निताने मनाशी म्हटलं, सगळा तांडा तर मांडवातच आहे, घरोघर जाऊन सांगायचं कोणाला?

तीन बॅटऱ्यांपैकी एक फुगलेली होती; ती वाळूच्या डब्यात वेगळी ठेवलेली. दुसरी वरातीत संपली. तिसरी मंगलाष्टकांना अर्धी वापरून झाली होती. पाच वाजता पाठवणीची गाडी निघाली तेव्हा बॅटरीत अठ्ठावन्न टक्के होते.

"पुलापर्यंत घ्या ना ताई," नवरीचा चुलतभाऊ गोपीचंद मागेच लागला. "गाडी पुलावरून जाते तो सीन पायजे. इतलं मोठं मशीन आणलं अन् मांडवावरच घिरट्या घालून राह्यलं, कोंबडीवानी."

चार जण हसले. निताने पाखरू गाडीमागे सोडलं. वारा मागून होता, ते अलगद गेलं. चौतीस टक्क्यांना तिचा अंगठा थांबला. "अजून थोडं," गोपीचंद म्हणाला. पूल आला तेव्हा चोवीस होते.

परत फिरताच वारा समोरून आला. पडद्यावर जमीन सरकेचना. हलकं यंत्र जागच्या जागी थरथरत होतं आणि आकडे तेवढे पळत होते. अठरा. चौदा. तांड्याच्या कडेशी पोचलं आणि यंत्राने निताचं ऐकणं सोडलं. बॅटरी इतकी खाली गेली की ते असेल तिथेच उतरू लागतं; मग फक्त थोडं इकडेतिकडे ढकलता येतं, वर नेता येत नाही. रिकामी जागा दिसावी म्हणून निताने कॅमेरा सरळ खाली वळवला. चित्रण बंद करायचं बटण तिच्या लक्षातही आलं नाही.

पडद्यावर घरांच्या मागच्या बाजू आल्या. सरपणाचे ढीग, शेळीचा खुंटा, आणि तीन बाजूंनी तुरीच्या काड्यांचा कूड, चौथ्या बाजूला जुन्या साडीचा पडदा अशी एक न्हाणी. वर छप्पर नाही. तांड्यात कोणत्याच न्हाणीला नव्हतं. आभाळातून कोण पाहणार?

आत उज्ज्वला होती. रामीबाईची सून. पहाटेपासून दोनशे माणसांच्या पुऱ्या चुलीपाशी तळून तिने आत्ताच अंगावर पाणी घेतलं होतं. घरघर ऐकून तिने मान वर केली, दोन्ही हात वर धरले. मारायला आलेल्या वस्तूला अडवावं तसे. यंत्र न्हाणीतच टेकलं.

निता धावत पोचली तोवर गोपीचंद न्हाणीपाशी आधीच उभा होता, ड्रोन हातात घेऊन. मेमरी कार्डाची खाच रिकामी होती.

"कार्ड कुठं हाय?"

"मले काय मालूम? पडलं असन कुठंतरी," तो म्हणाला. डोळ्याला डोळा देईना.

अडतीस सेकंद. तिसऱ्या दिवशी ती फोनाफोनांतून कारंज्यापासून मंगरूळपर्यंत फिरत होती.

पाहणाऱ्याला कोणी काही विचारलं नाही. विचारलं ते उज्ज्वलाला. तांड्यातल्या माणसांना एवढंच माहीत होतं की ड्रोन पाठवावा तिथे जातो. मग साठ घरं सोडून हिच्याच न्हाणीत कसा उतरला? आणि ती हात वर करून बोलावत का होती? नवरा राजपाल पुण्याकडे बांधकामावर. त्याच्या फोनवर ती अडतीस सेकंदं पोचली, आणि त्याचा फोन घरी आला तो आईला, बायकोला नाही. रामीबाईने सुनेचं गाठोडं बांधलं आणि तिला मेडशीला माहेरी पाठवून दिलं. दोन वर्षांचा बबलू ठेवून घेतला. सोमवारी तांड्याचा नायक आणि पंच बसून ठरवणार होते, बाई परत आणायची की सोडचिठ्ठी द्यायची. सोडचिठ्ठी झाली, तर पोरगा बापाकडेच राहणार होता.

निता मेडशीला गेली ती त्याआधीच्या गुरुवारी. उज्ज्वला पडवीत तुरी पाखडत बसली होती. सुपात तुरी फार नव्हत्या. तीच ती मूठभर ती पुन्हा पुन्हा पाखडत होती.

"तुमी फोटोवाल्या बाई," ती म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. "तुमच्या फोनमंदी हाय काय मी?"

निताला खोटं बोलता आलं असतं. पण उडवताना पडद्यावर दिसतं त्याची एक धूसर प्रत फोनमध्ये राहतेच. "हाय," ती म्हणाली. "मी पाह्यली नाई. तुमच्यासमोर पुसाले आणली."

तिने ती पुसली, आणि कचऱ्याच्या कप्प्यातूनही पुसली. उज्ज्वलाने जवळ येऊन खात्री केली.

"बाकीच्याच्या फोनमधून कोण पुसन?"

निताने फोनवर दुसरी गोष्ट उघडली. उड्डाणाची नोंद, लॉग. नकाशावर एक रेघ, मांडवापासून पुलापर्यंत आणि परत, आणि रेघेवर बोट सरकवलं की त्या क्षणाचे आकडे: किती उंच, किती बॅटरी, वारा कुठून. रेघेच्या शेवटी लाल अक्षरं होती, की बॅटरी संपल्यामुळे यंत्र आपोआप उतरत आहे.

"म्हंजे कोणी धाडलं नव्हतं," उज्ज्वला हळू म्हणाली.

"नाई. माही चूक होती. चोवीस टक्क्यावर फिरवलं मी. अन् घरोघर सांगाले पायजे होतं ते नाई सांगतलं."

"हे तिथं सांगसान? पंचाईपुढं?" आता तिने पाहिलं. "आमचे तिथले पंच मशीनचं ऐकतीन. माहं नाई ऐकत. मी हात आडवे धरले होते वं बाई, त्याले हाकलाले. बबलू रात्री माह्या हातावर निजते. कोणाच्या हातावर निजत असन आता?"

"सांगीन. सोमवारी येतो मी तांड्यात."

"लोकं सारे येतो म्हणतात," उज्ज्वला म्हणाली आणि पुन्हा सूप उचललं. "चहा घ्या. इतल्या दुरून आल्या."

रविवारी दुकानात शादाबने ते ऐकलं आणि हातातला कॅमेरा खाली ठेवला. चाचांचा हा मुलगा आता स्टुडिओचा मालक. वाईट नव्हता, घाबरलेला होता.

"तू पागल झाली काय निता? तो लॉग दाखवला म्हंजे आपल्या हातानं कबूल केलं. गोपीचंद सुटीन अन् तू अटकशीन. कोणी तक्रार केली तं ड्रोन जप्त, नंबर रद्द, तुह्यावर केस. ह्या गावात पुन्हा कोणती माय आपल्या पोरीच्या हळदीत तुले उभी करीन?"

"अन् नाई दाखवला तं?"

"तं काय. दोन महिन्यात लोक भुलतात."

"लोक भुलतात. पोरगंबी भुलते, दोन वर्षाचं हाय."

शादाबने भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "कार्ड गोपीचंदनं चोरलं. तेच सांग फक्त. बॅटरीचं कायले सांगतं?"

"बॅटरीचंच सांगा लागन. नाई तं ते पुन्हा म्हणतीन, कोणीतरी धाडलं म्हणून. कार्डाची तक्रार तं मंग उज्ज्वला अन् मी दोघी मिळून देऊच पोलिसात. पण आधी तिचं पोरगं."

संध्याकाळी दुकान बंद करताना शादाबने काउंटरवर एक कागद ठेवला: ड्रोनच्या नोंदणीची छापील प्रत, चाचांच्या सहीची. "हे पण असू दे संगं," तो म्हणाला, आणि शटर ओढायला बाहेर गेला.

सोमवारी निताचा उपास. अंघोळ करून देवापुढे दिवा लावला, पण मागायला काही सुचलं नाही. जे मागायचं ते देवाच्या हातात नव्हतं, तिच्या फोनमध्ये होतं. फोन रात्रभर लावलेला, शंभर टक्के. तरी तिने चार्जर पिशवीत टाकला. ड्रोनची पेटी कपाटातच राहू दिली.

कामरगावच्या फाट्यावर एसटीतून उतरून ती चालत तांड्याच्या कडेशी आली तेव्हा आठ वाजत होते. पंच लिंबाखाली दहाला बसणार होते. सरळ नायक गुलाबसिंगच्या ओट्यावर जाऊन बसता आलं असतं. तिथे सावली होती आणि पाणी मिळालं असतं. रामीबाईचं घर इथूनही दिसत होतं. न्हाणीवर आता कोणीतरी पत्रा टाकला होता, नवा, उन्हात डोळे दिपवणारा. दारात एक लहान पोर उघडंच बसलं होतं, हातात रिकामी वाटी.

तांड्याच्या अगदी कडेच्या घरापुढे एक बाई सडा टाकत होती. निताला ओळखून तिचा हात थांबला.

निताने पदर नीट केला, चपला अंगणाच्या कडेशी काढल्या आणि त्या पहिल्या दाराकडे चालू लागली.