दोन दाढांमधली सावली

सत्यशीला महिन्याभरात तिसऱ्यांदा आली, तेव्हा डॉ. राधाकिशन सर धर्मापुरीच्या शाळेत मुलांचे दात तपासायला गेले होते. दवाखान्यात डॉ. पौर्णिमा एकटीच होती, आणि मदतनीस बबिता.

सत्यशीला दिंद्रुडची. शिवणकाम करायची. गावात ब्लाउज शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. खुर्चीत बसण्याआधीच तिनं उजव्या गालावर बोट ठेवलं.

"मॅडम, दाढ भरून वरीस झालं. तवापासून ह्या फटीत मेथीची काडी बी अडकती, मटनाचा धागा बी अडकतो. काडीनं काढावं तर रगत येतं. सर म्हणले हिरडीला सूज हाय, औषधानं चूळ भरा. भरली की. दोन बाटल्या संपल्या."

डॉ. राधाकिशन गेली बत्तीस वर्षं बीडमध्ये, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, दात बघत होते. पौर्णिमा त्यांच्याकडे आली ती कॉलेजातून नुकतीच बाहेर पडून, आणि सहा वर्षं झाली तरी तिथंच होती. तिच्या घराण्यात डॉक्टर झालेली ती पहिली. एक्स-रे वाचायचा कसा, हे कॉलेजपेक्षा सरांनीच तिला जास्त शिकवलं होतं. "दुखणाऱ्या जागेकडं एकदम पळायचं नाही," ते म्हणायचे. "आधी दोन दातांमधली फट फिल्मवर मोकळी दिसते का बघ. फट झाकली गेली असेल तर ती फिल्म काही सांगत नाही, तू उगाच कल्पना करशील."

तिनं सत्यशीलाला सेन्सरचा प्लास्टिकचा तुकडा दाढांत धरायला दिला. अशा चित्रात वरच्या आणि खालच्या दातांचे माथे एकाच वेळी येतात, मुळं पूर्ण येत नाहीत. पहिल्या चित्रात दोन दाढांच्या कडा एकमेकींवर चढल्या होत्या. पौर्णिमानं एक्स-रे यंत्राची नळी थोडी पुढून वळवली, किरण नेमका दोन दाढांच्या मधून आरपार जाईल असा, आणि पुन्हा चित्र घेतलं. आता फट मोकळी होती.

पडद्याकडे बघताना तिचे हात थांबले.

भरलेली दाढ खालची, पहिली मोठी. तिच्या मागच्या बाजूचं सिमेंट पांढरं उठून दिसत होतं, पण त्याची खालची कड दाताच्या कडेशी सपाट बसलेली नव्हती. चोचीसारखी बाहेर फटीत आली होती. तिच्याखाली हाडाचा कंगोरा शेजारच्या दोन फटींपेक्षा खाली सरकला होता. आणि सिमेंट व दात यांच्यामध्ये, अगदी हिरडीजवळ, एक बारीक काळी रेघ होती. रेघेच्या आत दात धुरकट काळवंडलेला. शेजारच्या दाढेच्या कडेवरही, स्पर्शाच्या जागेच्या जरा खाली, त्रिकोणी काळी सावली होती. तिचं टोक दाताच्या टणक आवरणाखालच्या थरापर्यंत पोचलं होतं.

पौर्णिमानं घाई केली नाही. दाताच्या मानेपाशी एक फसवी काळी सावली नेहमी पडते. तिथं दात अरुंद असतो, वर जाड आवरण आणि खाली हाड, त्यामुळं मधला भाग काळा वाटतो. कीड नसताना दाढ कोरणारे डॉक्टर ह्याच सावलीला फसतात. सिमेंट दाताला चिकटवणाऱ्या द्रवाचा थर जाड बसला तरी असंच काळं दिसतं. तिनं नळीचा कोन थोडासा बदलून तिसरं चित्र घेतलं. फसवी सावली कोन बदलला की विरते. ही विरली नाही. मग तिनं दाढांच्या मधून दंतधागा घातला. तो अडकला, आणि बाहेर आला तो फाटून, तंतू सुटून. बारीक टोकाची सळई कडेवरून खाली नेली, तर पायरीवरून उतरल्यासारखी आत गेली.

"काय हाय मॅडम?" सत्यशीलानं विचारलं.

"सिमेंटची कड बाहेर आलीय. तिथं अन्न अडकतं, आणि खाली कीड लागलीय. शेजारच्या दाढेलाही. दोन्ही दाढा वाचतील. पण मी सरांशी बोलते, मग परवा करू."

"सरांचं काम म्हणून ईचारायलेत का?"

पौर्णिमानं होकारार्थी मान हलवली. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

दुपारी पेशंट नव्हते. तिनं संगणकातली जुनी चित्रं उघडली. सरांनी भरलेल्या, आणि नंतर काही निमित्तानं असं चित्र काढलेल्या दाढा तिनं एकेक बघितल्या. तीन वर्षांपूर्वीच्या, चार वर्षांपूर्वीच्या, सगळ्या कडा सुतासारख्या. गेल्या दीड वर्षातल्या, सत्यशीलाची सोडून, सात सापडल्या. त्यातल्या चौघींची कड बिघडलेली, एकीला चोच, तिघींना खाली फट. आळशी माणसाचं काम असं अचानक सुरू होत नाही, हे तिला कळत होतं. पण काय झालं असेल, हे कळत नव्हतं.

संध्याकाळी सर आले. तिनं चित्र पुढं केलं. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकले.

"कड ठीक आहे. सिमेंट पांढरंशुभ्र दिसतंय की."

"आणि खाली, सर?"

"मानेची सावली. हे तरी तुला सांगायला नको."

"कोन बदलूनही राहिली, सर. धागा फाटला."

"मग धागा जुना असेल," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

रिक्षात बसून घरी जाताना तिला रडू येईल असं वाटलं. ज्या माणसानं 'पेशंटसमोर आपली चूक आधी आपण सांगायची' हे शिकवलं, तोच माणूस पडद्यावरची गोष्ट नाही म्हणतो. वय झालं की माणूस असाच होतो का?

सत्यशीला ठरल्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं आली. सर अजून यायचे होते. बबितानं दोघींना चहा दिला. पौर्णिमाच्या चेहऱ्याकडे बघून सत्यशीलानंच विषय काढला.

"सर चिडले का?"

"चिडले नाहीत. त्यांना ते दिसतच नाही म्हणतात."

"मग नसंल दिसत," सत्यशीला सहज म्हणाली. "आमचे सासरे लई नामी शिंपी. म्हातारपणी पांढऱ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं झकास शिवायचे, कुणाला कळायचंबी न्हाई. पर काळ्यावर काळा दोरा दिला की टाका कुटंबी. आमी म्हणायचो, मामा कावून कुचराई करायलेत? डोळ्यात मोतीबिंदू व्हता, मॅडम. उजेडात समदं दिसायचं त्यांला, काळ्यातलं काळं तेवढं दिसायचं न्हाई."

पौर्णिमाच्या हातातला कप खाली ठेवायचा राहून गेला. पांढरंशुभ्र सिमेंट दिसतं. काळ्या फटीजवळची थोडीशी जास्त काळी रेघ नाही दिसत. आणि हिरडीच्या आत, रक्त-थुंकीत, सावलीत, तिथंही नाही दिसत.

सर आल्यावर ती त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटलं.

"सर, एक विचारू? रागावू नका. ही रेघ तुम्हाला दिसते का? बरोबर की चूक ते नको. फक्त दिसते का?"

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. सर बराच वेळ बघत राहिले. मग खुर्चीत मागे टेकले.

"तू बोट ठेवलंस म्हणून बघतोय. पण खरं सांगू? तिथं मला एकसारखा करडा पट्टा दिसतो." त्यांनी चष्मा काढला. "पाऊस नसतानाही समोरच्या गाडीचे दिवे पसरतात. मी समजत होतो काच खराब आहे. वर्ष झालं असेल."

"दीड, सर."

त्यांनी चमकून बघितलं. तिनं बाकीच्या चार फिल्म उघडल्या नाहीत, नुसतं सांगितलं. टेबलावरची पेन्सिल सरांनी सरळ ठेवली, पुन्हा सरळ ठेवली. मग उठले आणि बाहेर सत्यशीलाजवळ स्टुलावर जाऊन बसले.

"बाई, तुमची दाढ मी नीट भरली नाही. माझ्या डोळ्यांनी दगा दिला, आणि मी ते मान्य करायला उशीर केला. तुमच्या हिरडीला मी औषध देत बसलो, दुखणं माझ्या हातचं होतं. आज पौर्णिमा मॅडम पुन्हा करतील, माझ्यापेक्षा चांगलं."

सत्यशीलानं पदर सावरला. "बरं झालं सांगितलं, सर. मला वाटलं मीच नीट दात घासंना."

काम दीड तास चाललं. पौर्णिमानं जुनं सिमेंट काढलं, तर खाली मऊ तपकिरी कीड निघाली. नस शाबूत होती. दाताभोवती तिनं पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळली आणि फटीत लाकडी पाचर ठोकली, म्हणजे पट्टी मानेपाशी घट्ट चिकटते आणि सिमेंट खाली निसटत नाही. मागच्या वेळी इथंच चुकलं होतं. मग शेजारच्या दाढेचीही कीड काढून ती भरली. सर उभे राहून थुंकी ओढायची नळी धरत होते. बत्तीस वर्षांत त्यांनी ती नळी कधी धरली नव्हती, असं बबिता नंतर म्हणाली.

नव्या चित्रात दोन्ही कडा दाताच्या रेषेत बसल्या होत्या. खाली सरकलेलं हाड मात्र परत येणार नव्हतं. ते तिनं सत्यशीलाला सांगितलं. तिथं रोज धागा फिरवावा लागेल, हेही.

उरलेल्या चौघांना सरांनी स्वतः फोन केले. तिघे आले. चौथे आसाराम गुरुजी फोनवरच म्हणाले, "डोळे आधी तपासून घ्यायचे होते, डॉक्टर," आणि दुसरीकडे गेले. सर त्या दिवशी जेवले नाहीत. पण त्यांनी गुरुजींच्या नव्या डॉक्टरला चित्रं पाठवून दिली.

दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूंची शस्त्रक्रिया महिन्याच्या अंतरानं झाली. सर परत आले ते दाढा भरायला नाही. आठवड्यातून तीन दिवस येऊन ते फक्त तपासणार आणि चित्रं वाचणार, असं त्यांनीच ठरवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी सत्यशीलाच्या फिल्म मागितल्या. पडद्यासमोर बसून इतके हसले की पौर्णिमा आतून धावत आली.

"अगं, काय काय दिसतंय! हे सगळं इथंच होतं?"

मग त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी फिल्मच्या वरच्या भागाकडे बोट केलं. वरच्या दुसऱ्या छोट्या दाढेच्या मागच्या कडेवर, स्पर्शाच्या जागेखाली, आवरणाच्या बाहेरच्या अर्ध्यात, नखाच्या टोकाएवढी सावली होती.

"ही पाहिलीस?"

पौर्णिमा वाकली. तीन चित्रांत ती सावली होती. तिला चोच दिसली, फट दिसली, शेजारची दाढ दिसली, आणि तिची नजर तिथंच थांबली होती. वर ती गेलीच नव्हती.

"नाही, सर."

"तुझे डोळे चांगले आहेत," सर म्हणाले. "पण हवं ते सापडलं की डोळे सुट्टी घेतात. माझंही तरुणपणी व्हायचं."

"कोरायचं का?"

"छे. अजून आवरणातच आहे, खड्डा पडलेला नाही. फ्लोराईड लाव, धागा शिकव, सहा महिन्यांनी पुन्हा चित्र. वाढली तरच हात लावू."

पौर्णिमानं सत्यशीलाला फोन लावला. पलीकडून शिवणयंत्राचा आवाज येत होता, मग तो थांबला.

"सत्यशीलाताई, एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती," ती म्हणाली, आणि काय दिसलं ते सांगायला लागली.