बावीसवरची हाव

बावीस मार्क चांगले होते. पॅथॉलॉजीच्या अंतर्गत परीक्षेत तीसपैकी बावीस म्हणजे कुणी नावं ठेवावीत असं काही नाही. पण बिट्टीला पंचवीस हवे होते, म्हणून ती फेरपरीक्षेला बसली आणि तेरा घेऊन आली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

आता निकाल लागला होता. लेखीचे सत्तरपैकी एक्केचाळीस, एकूण साडेअठ्ठावन्न, श्रेणी 'क'. लॅब टेक्निशियनच्या या कोर्सला साठ आणि 'ब' श्रेणी असेल तरच हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण मिळे आणि त्याची यादी आज चारला बंद होणार होती. फेरपरीक्षेचं तिने घरी सांगितलंच नव्हतं. बाबांनी एकच विचारलं असतं, "बावीस काय चावत होते का तुला?"

तीन वाजता ती बाईंच्या खोलीत गेली. पॅथॉलॉजीच्या बाई कडक होत्या. त्यांच्यासमोर पोरं खोकतानासुद्धा परवानगी मागत.

"बाई, एक विचारू? यंदा दोन्हींतले जास्त असतील ते धरायचे, असं सूचनेत होतं ना?"

"होतंच. मीच भांडून मंजूर करून घेतलंय ते. कमी पडतील या धास्तीने पोरं फेरपरीक्षेला फिरकायचीच नाहीत. मग?"

बिट्टीने निकालाचा कागद पुढे सरकवला. बावीस आणि तेरा, त्यापुढे साडेसतरा.

बाईंनी चष्मा लावला आणि कॉम्प्युटरवर मार्कांचा तक्ता उघडला. मग एकेका रकान्यातलं सूत्र तपासलं. तक्ता गेल्या वर्षीचाच होता. नावं बदलली होती, मार्क बदलले होते, पण सूत्र सरासरीचंच राहिलं होतं. तेव्हा नियमच सरासरीचा होता.

"माझंच चुकलं गं," बाई म्हणाल्या. कडक माणसाच्या तोंडून हे ऐकताना बिट्टीलाच अवघडल्यासारखं झालं.

सूत्र बदललं. साडेसतराचे बावीस झाले, साडेअठ्ठावन्नचे त्रेसष्ट. फेरपरीक्षा दिलेल्या खालच्या दहा जणांचेही आकडे भराभर वर सरकले. ज्या मुलाने दहावरून चोवीस मिळवले होते, त्याला सतरावर बसवलं होतं, त्यालाही त्याचे चोवीस मिळाले. बाईंनी सुधारित निकालावर सही केली, परीक्षा विभागाला फोन लावला आणि प्रशिक्षणाच्या यादीत बिट्टीचं नाव स्वतः घालून घेतलं. साडेतीन वाजले होते. बिट्टी न विचारताच खुर्चीत बसली आणि चक्क रडली.

"अकरा पोरांचं वर्ष मी पाण्यात घालत होते," बाई हळूच म्हणाल्या.

बिट्टीने डोळे पुसले. एरवी बाईंपुढे असं बोलायची तिची छाती झाली नसती.

"असू दे, बाई. तुमच्याही दोन्ही खेपांतली चांगली तीच धरू."