बदलून घेतलेली वेळ

लेकीने दप्तरातून शाळेचं परिपत्रक काढून दिलं, तेव्हा बेकरीवाला रात्रपाळी संपवून नुकताच घरी टेकला होता. डोळ्यांवर झापड होती, अक्षरं पिठासारखी उडत होती. त्याने तोंडावर पाणी मारून वाचलं.

‘पालक-शिक्षक भेट शनिवारी, शाळेच्या वाचनालयात. प्रत्येक पालकास दहा मिनिटे. वेळ सोबत लिहिली आहे. बदल हवा असल्यास त्याच वर्गातील दुसऱ्या पालकाशी परस्पर ठरवून, दोघांच्या सह्यांची चिठ्ठी गुरुवारपर्यंत वर्गशिक्षिकेकडे द्यावी. कार्यालयातून वेळ बदलून मिळणार नाही.’

त्याची वेळ दुपारी तीनची होती. त्या वेळी तो मेल्यासारखा झोपलेला असे.

“बाबा, माझ्या वर्गातल्या मैत्रिणीला सांभाळणारी तिची मावशी शिवणकाम करते ना, तिला सकाळची वेळ आलीय,” लेक म्हणाली. “आणि सकाळी तर तिच्या दुकानात गर्दी असते!”

बेकरीवाला तसाच उठून मावशीच्या दुकानात गेला. मावशीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. “देवासारखे आलात हो! मी कुणाला विचारू, याच विवंचनेत होते.” दोघांनी चिठ्ठीवर सह्या केल्या, आणि दुसऱ्या दिवशी लेकीने ती बाईंना दिली.

शनिवारी तो भट्टीवरून थेट शाळेत गेला. वाचनालयात कोवळं ऊन सांडलं होतं. शिक्षक आपापल्या टेबलांपाशी हलक्या आवाजात बोलत होते आणि ते बोलणं त्याला पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. तो लेकीच्या वर्गशिक्षिका बाईंसमोर जाऊन बसला. बायको गेल्यापासून पोर वाढवतोय खरा, पण घरी येतो तो नुसता झोपायला. बाई आता तेच ऐकवणार.

“त्या माशाचं पुढे काय झालं?” बाईंनी विचारलं.

“कुठला मासा?”

“गावातले दिवे गिळणारा! तुमची लेक रोज सकाळी वर्गात त्याची गोष्ट सांगते. परवा मासा आभाळात शिरला आणि तिथेच ती थांबली. म्हणाली, पुढचं बाबांनी अजून सांगितलं नाही.”

बेकरीवाल्याच्या आत्ता ध्यानात आलं. पहाटे तो लेकीशेजारी अंग टाकायचा. ती “मग?” म्हणायची, आणि तो झोपेत काहीतरी पुटपुटायचा. उठल्यावर त्यातलं अवाक्षर आठवत नसे. आपल्याला स्वप्नं पडतात, एवढंच त्याला वाटे.

“आधी ती तोंड उघडत नसे,” बाई म्हणाल्या. “आता वर्ग तिच्याभोवती गोळा होतो. अभ्यासही ठीक आहे. गणितात जरा घाई करते, तेवढं बघा.”

मान हलवून तो उठला. पुढचे पालक येऊन उभे होते.

फाटकाशी लेक वाट बघत होती. “बाई रागावल्या?”

“नाही गं.” त्याने तिचा हात धरला. रस्ता उन्हाने भरलेला, हलका, तरंगता वाटत होता. “आभाळात गेल्यावर मासा कुणाला भेटला, सांगू?”

“आत्ता? जागेपणी?”

“जागेपणी,” तो म्हणाला, आणि जांभई आवरत सांगू लागला.