जमिनीचा भाव आणि अपूर्वचं भाषण

सीए अपूर्वला माइक दिसला की राहवत नाही. वाडीच्या गोदामात नव्या शेडची पूजा होती, सावजी रश्श्याचा वास सुटला होता, आणि गोदामवाल्या कंपनीचे संचालक रुपराव यांनी “आमचे ऑडिटर साहेब दोन शब्द बोलतील” म्हणताच गडी उभाच राहिला. कंपनीचा कच्चा ताळेबंद त्यानं येता-येता चाळला होता. जनरल रिझर्व्ह, म्हणजे मागे टाकलेला नफा, चांगला गुबगुबीत दिसला होता. मग काय, ठोकून दिलं, “यंदा लाभांश पक्का समजा.” टाळ्या पडल्या. ऑडिट अजून सुरूच व्हायचं होतं, पण टाळ्या ऐकताना एवढं कोण लक्षात ठेवतो?

ऑडिटला बसला आणि घाम फुटला. त्या रिझर्व्हमध्ये धंद्यात कमावलेला रुपया नव्हता. गोदामाखालच्या जमिनीचं नव्यानं मूल्यांकन झालं होतं आणि वाढलेली किंमत अकाउंटंटनं तिथं सरकवली होती. जमीन विकलीच नव्हती, तर नफा हाती आला कुठून? अशा कागदी वाढीतून लाभांश वाटायला कायद्याची मनाई आहे. यंदाचा किरकोळ नफा तर मागचा तोटा भरण्यातच संपत होता. वा रे शहाण्या, अपूर्व स्वतःला म्हणाला, हाताखालच्या आर्टिकलच्या पोरांना हेच तर शिकवतोस.

संचालक दोघंच, रुपराव आणि त्यांची बहीण प्रेमिलाताई. लाभांश सुचवायला मीटिंग बसली, तिथं अपूर्वनं सगळं सांगितलं.

“जमीन आमची, भाव वाढला, तं आमी काहून खाऊ नये?” प्रेमिलाताईंनी विचारलं.

“विकून पैसे आले असते तर गोष्ट वेगळी, ताई. आज वाटायचं म्हणजे बँकेच्या कर्जातून वाटायचं. तसं केलं तर वाटप कायद्याला धरून नाही, असं मला अहवालात लिहावं लागेल.”

“मंग माइकवर काहून बोलले तुमी?” रुपराव म्हणाले.

अकाउंटंटचं नाव अपूर्वच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. “बढाई मारली, रुपरावजी. न तपासता.”

रुपरावांनी ठरावाच्या मसुद्यातली लाभांशाची ओळ तोंड वाकडं करून खोडली. प्रेमिलाताई मात्र उठल्या नाहीत.

“काजलले तुमीच सांगा, साहेब. लाभांश येते म्हणून पोरीनं हातची नोकरी सोडली. पुण्याले शिकाले जाऊन राहिली होती.”

त्यांची मुलगी बाहेर ऑफिसात बसली होती. अपूर्वनं तिला सांगितलं, आणि या वेळी एकही कलम तोंडात आलं नाही. लाज तेवढी वाटत होती, ती पुरेशी होती.

काजल म्हणाली, “काका, दुसरं कोणी बोललं असतं तं मी मामाले विचारून पाहिलं असतं. तुमी ऑडिटर आहे. मले वाटलं, तुमी पाहूनच बोलून राहिले.”