इशारा पुढच्या पानावर

संयोगिता जिना चढत होती, तेव्हाच गच्चीवरून गुंडाचा आवाज कानावर आला. तो पुस्तिका मोठ्यानं वाचत होता आणि त्याचा थोरला भाऊ जोतीराम ओळ ऐकेल तसं काम उरकत होता. म्हसवडच्या या दोघा प्लंबरांची रीतच ती. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं करायचं. कराडच्या कंपनीची सोलर हीटर बसवायची पुस्तिका संयोगितानं इंग्रजीतून मराठीत आणली होती. छापण्याआधी पुस्तिकेच्या कच्च्या प्रतीवरून काम कसं होतं ते बघायला ती निघाली खरी, पण एसटीनं दगा दिला आणि पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

"आता गार पाण्याचा व्हॉल्व्ह उघडून टाकी भरा," गुंडानं वाचलं.

हीटरच्या काचेच्या नळ्या उन्हानं तापल्या असतील तर पाणी सोडू नका, काच फुटते, हा इशारा होता पुढच्या पानावर. इंग्रजीत तो तिथंच होता. आधी घेऊ का, म्हणून तिनं कंपनीच्या दिग्विजयला विचारलंही होतं. जसंच्या तसं ठेवा, असं तो म्हणाला आणि तिनं मान डोलावली. वाद घालायचा कंटाळा, दुसरं काय.

उरलेल्या पायऱ्या ती धावतच चढली. "जोतीरामदादा, हात काढा तिथनं."

जोतीरामच्या कपाळाला आठी पडली. ऐन कामात कुणी मध्ये तोंड घातलेलं त्याला खपत नसे. "आवं, पुस्तकात हाय तसंच करतोय की."

तिनं गुंडाच्या हातातलं पान उलटून दाखवलं. गुंडानं वाचलं आणि आवाज खाली आला. कोरड्या नळ्या सकाळपासून उन्हात तापत होत्या, आणि जोतीराम त्यांच्या अगदी पुढ्यात उकिडवा बसलेला. तो हळूच मागं सरला. मग दोघा भावांनी नळ्यांवर ताडपत्री ओढली. पाणी आता नळ्या निवल्यावरच, उद्या उजाडताना सोडायचं ठरलं. संयोगिता कठड्याला टेकली. दिग्विजयचा राग येत होता, त्याहून जास्त स्वतःचा.

"ताई," जोतीराम घाम पुसत म्हणाला, "ह्ये पुस्तक म्या सकाळीच मोबाइलवर आमच्या प्लंबर लोकांच्या गटात टाकलंय. लय जणांची आज कामं हायती."

जोतीरामनं तिथंच गटावर निरोप बोलून टाकला. पण कामावरचा माणूस फोन कवा बघणार? तो आणि संयोगिता एकेकाला फोन लावत सुटली. विट्याच्या प्लंबरानं अजून नळ्याच चढवल्या नव्हत्या. कोरेगावच्या अमृतचा फोन मात्र नुसता वाजत राहिला. तिनं पुन्हा लावला. बऱ्याच वेळानं त्याची बायको राणी बोलली.

"त्ये दवाखान्यात हायती. काच उडाली, हाताला टाकं घालत्यात. सकाळी लय खूश हुते, मराठीत पुस्तक आलं म्हणून. तुमी कोण बोलताय?"